पॉवर वाढवली तरी बारकावा का वाढत नाही? मायक्रोस्कोपची मर्यादा, निळा प्रकाश आणि इलेक्ट्रॉन

प्रश्न: आमच्या कॉलेजच्या मायक्रोस्कोपला १०० पॉवरची ऑइल लेन्स आणि १० चा आयपीस आहे. २५ चा आयपीस घेतला तर २५०० पट होईल, मग विषाणू दिसेल का? सर म्हणतात निळा फिल्टर लावला की जास्त बारीक दिसतं, ते का? आणि इलेक्ट्रॉनची तरंगलांबी प्रकाशापेक्षा लाखभर पटींनी लहान असते म्हणे. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून अणूच्या आतलं का दिसत नाही?

आयपीस घेऊ नका, पैसे वाया जातील. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं 'हो, पण' अशी आहेत आणि त्यातला 'पण' मोठा आहे. वरवर हे तीन प्रश्न वाटतात, पण तिन्हींच्या खाली एकच गोष्ट आहे: नमुन्यातला बारकावा प्रकाशावर स्वार होऊन बाहेर पडतो तेव्हा तो तिरका जातो, आणि लेन्सला तो तिरका प्रकाश पकडता आला तरच बारकावा दिसतो. हे एकदा पटलं की निळा फिल्टर, तेल, कंडेन्सर आणि इलेक्ट्रॉन सगळे एकाच हिशेबात बसतात.

आधी आयपीसचं पाहू. चित्र तयार करते ती खालची ऑब्जेक्टिव्ह लेन्स. आयपीस हे त्या तयार चित्रावर धरलेलं भिंग आहे, त्यापलीकडे काही नाही. तुमच्या ऑब्जेक्टिव्हवर बहुधा १००/१.२५ असं कोरलेलं असेल. १०० म्हणजे पॉवर, ती सगळे बघतात. खरी किंमत १.२५ ला आहे. तो आकडा म्हणजे न्यूमरिकल अॅपर्चर, आम्ही नुसतं एनए म्हणतो. हिरव्या प्रकाशात, म्हणजे ५५० नॅनोमीटरला, १.२५ एनएची लेन्स साधारण २२० नॅनोमीटर अंतरावरच्या रेघा वेगळ्या करू शकते. १००० पट मोठं केल्यावर हे अंतर ०.२२ मिलिमीटर होतं. हातभर अंतरावर डोळ्याला ०.१ मिलिमीटरच्या आसपासचं अंतर कळतं, त्यामुळे ऑब्जेक्टिव्हने जे काही दिलं ते १००० पटीतच पूर्ण दिसून झालेलं असतं. त्यापुढे वाढवणं म्हणजे वर्तमानपत्रातल्या फोटोवर भिंग धरण्यासारखं आहे: चेहरा स्पष्ट होत नाही, छपाईचे ठिपके मोठे होतात.

प्रयोगशाळेत वापरायचा ठोकताळा असा की एकूण पॉवर एनएच्या ५०० ते १००० पट ठेवावी. १.२५ ला ती ६२५ ते १२५० येते, म्हणजे तुमचा १० चा आयपीस बरोबर जागी आहे. २५ चा लावलात तर चित्र अंधारेल, आणि डोळ्यात शिरणारा झोत जेमतेम पाव मिलिमीटरचा उरेल. इतक्या बारीक झोतात आपल्याच डोळ्यातल्या द्रवात तरंगणारे धागे आणि ठिपके नमुन्यावर फिरताना दिसायला लागतात. विद्यार्थी ते मोठ्या उत्साहाने 'जिवाणू हलतोय' म्हणून दाखवतात. नजर फिरवल्यावर तेही सोबत फिरत असतील तर ते तुमचेच आहेत.

आता मूळ मुद्दा. जर्मनीत येना इथे कार्ल झाइस यांच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे लेन्सचं गणित बसवत होते. तोवर समज असा की लेन्स निर्दोष घासली की हवं तेवढं बारीक दिसेल. आबेंना आढळलं ते उलट: दोष कमी करायला अरुंद केलेल्या लेन्समधून बारकावे कमी दिसत होते. १८७३ साली त्यांनी याचं कारण मांडलं, आणि आज तोच नियम असा लिहितात:

d = λ / (2 × NA)

d म्हणजे वेगळ्या दिसू शकणाऱ्या दोन रेघांमधलं सर्वांत कमी अंतर, λ ही तरंगलांबी. NA म्हणजे लेन्स आणि नमुना यांच्यामधल्या माध्यमाचा अपवर्तनांक गुणिले लेन्स ज्या कोनापर्यंतचा प्रकाश घेते त्या कोनाची साइन. (रेघांऐवजी दोन चमकणारे बिंदू धरले तर रॅलींच्या निकषाप्रमाणे ०.५ च्या जागी ०.६१ येतो. पुस्तकांत दोन्ही सापडतात, त्यात घोळ मानू नका.)

सूत्र पाठ करण्यापेक्षा ते येतं कुठून हे बघा. नमुना म्हणून समान अंतरावरच्या समांतर रेघा घ्या. खालून सरळ प्रकाश आला. प्रत्येक फटीतून तो सगळीकडे पसरतो, पण शेजारशेजारच्या फटींतून निघालेल्या लाटा एकमेकींशी जुळतात त्या ठरावीक दिशांनाच. एक दिशा सरळ. तिच्या दोन्ही बाजूंना पहिल्या तिरक्या दिशा अशा की तिथे शेजारच्या दोन लाटांच्या वाटेत बरोबर एका तरंगलांबीचा फरक पडतो. त्या कोनाची साइन λ/d इतकी असते. रेघा जितक्या जवळ, तितका हा झोत जास्त तिरका.

लेन्समध्ये फक्त सरळ झोत शिरला तर काय दिसेल? सपाट उजेड. रेघा किती अंतरावर आहेत ही माहिती त्या सरळ झोतात नाहीच, कारण रेघा जवळ असोत की लांब, सरळ झोत तसाच निघतो. सरळ आणि किमान एक तिरका झोत लेन्समध्ये शिरले, वर जाऊन एकमेकांत मिसळले, तरच पडद्यावर प्रकाश-अंधाराचे पट्टे उमटतात. तेच पट्टे आपण 'रेघा दिसल्या' म्हणून पाहतो.

आता तरंगलांबी कमी केली की काय होतं ते आपोआप कळतं. रेघा त्याच, λ लहान, म्हणून λ/d लहान, म्हणून झोत कमी तिरका. जो झोत लाल प्रकाशात लेन्सच्या कडेबाहेरून निघून जात होता तो निळ्यात आत येतो. 'लहान लाट बारीक फटीत शिरते' असं सांगितलं जातं, ते ऐकायला सोपं आहे, पण त्यातून हिशेब करता येत नाही. कोनाचं चित्र डोक्यात ठेवा.

आणखी एक टोक बघा. d जर λ पेक्षा लहान असेल तर सरळ प्रकाशात त्या कोनाची साइन १ पेक्षा जास्त यायला हवी, जे शक्य नाही. याचा अर्थ तिरका झोत बाहेर पडतच नाही. ती लाट नमुन्याच्या पृष्ठभागालगत राहते आणि तरंगलांबीच्या काही अंशाइतक्या उंचीवर विरून जाते. कितीही महागडी लेन्स असो, जे तिच्यापर्यंत पोचलंच नाही ते ती दाखवणार कुठून? तेलाचा उपयोगही इथेच कळतो. इमर्शन ऑइलचा अपवर्तनांक १.५१५ असतो, म्हणजे हिरव्या प्रकाशाची लाट तेलात ५५० वरून साधारण ३६३ नॅनोमीटरची होते. तेल हाही तरंगलांबी कमी करण्याचाच उपाय आहे, फक्त रंग न बदलता.

हे डोळ्यांनी पाहता येतं, आणि त्यासाठी डायटमची टेस्ट स्लाइड हवी. डायटम म्हणजे सिलिकाच्या कवचाचं एकपेशीय शैवाल. त्याच्या कवचावर निसर्गतःच अतिशय एकसारख्या अंतरावर छिद्रांच्या ओळी असतात. प्ल्युरोसिग्मा अँग्युलेटम नावाच्या जातीत या ओळी साधारण अर्ध्या मायक्रोमीटरवर, तीन दिशांनी असतात. ही स्लाइड १०० च्या ऑइल लेन्सखाली फोकस करा, नमुन्याखालून उजेड गोळा करून देणाऱ्या कंडेन्सरचा डायफ्रॅम जवळजवळ बंद करा, आणि मग आयपीस काढून नळीत सरळ खाली बघा. मधोमध एक पांढरा ठिपका दिसेल, तो सरळ झोत. त्याच्याभोवती, वर्तुळाच्या कडेला, सहा रंगीत डाग. प्रत्येक डागाची निळी बाजू आत आणि लाल बाजू बाहेर, आणि लाल भाग कडेला कापला गेलेला. हिशेब करा: निळा ४५० ÷ ५०० = ०.९, हिरवा ५५० ÷ ५०० = १.१, लाल ६५० ÷ ५०० = १.३. लेन्सची हद्द १.२५. लाल बाहेर, हिरवा काठावर, निळा आरामात आत. कमी तरंगलांबीला जास्त बारकावा का दिसतो याचं उत्तर वर्गात फळ्यावर लिहिण्याऐवजी मी हे दाखवतो.

त्याच स्लाइडवर ४० ची कोरडी लेन्स लावा, एनए ०.६५. डायफ्रॅम बंद असेल तर कवच गुळगुळीत दिसेल, ओळींचा मागमूस नाही. आता डायफ्रॅम हळूहळू उघडत जा. एका टप्प्यावर ओळी उमटतात. नमुना तोच, पॉवर तीच, रंग तोच. बदललं इतकंच की प्रकाश आता नमुन्यावर सरळ पडण्याऐवजी तिरकाही पडतोय, त्यामुळे सरळ झोत लेन्सच्या एका कडेने आणि रेघांमुळे वळलेला, म्हणजे विवर्तित झोत दुसऱ्या कडेने शिरू शकतो. सूत्रात २ येतो तो यामुळेच. खरं तर त्या जागी दोन एनएंची बेरीज असते:

d = λ / (NA_objective + NA_condenser)

कंडेन्सर पूर्ण उघडा आणि ऑब्जेक्टिव्हच्या तोडीचा असेल तरच ती बेरीज २ × NA होते. कॉलेजच्या मायक्रोस्कोपांवर मला सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच: चित्र ठसठशीत दिसावं म्हणून कुणीतरी डायफ्रॅम मिटवून ठेवलेला असतो, नाहीतर कंडेन्सर तळाशी उतरवलेला असतो. मग १.२५ ची लेन्स ०.३ च्या उजेडात काम करते आणि मर्यादा २२० वरून ३५५ नॅनोमीटरवर जाते. वर कडांना जाड काळ्या रेघा येतात त्या वेगळ्याच. निळ्या फिल्टरने जे मिळेल त्याहून जास्त तुम्ही इथे आधीच गमावलेलं असतं. अर्थात पूर्ण उघडल्यावर न रंगवलेला नमुना फिका दिसतो, म्हणून रोजच्या कामात ऑब्जेक्टिव्हच्या दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश इतका उघडा ठेवतात. किती उघडावा हे नमुन्यावर ठरतं.

आता निळ्या फिल्टरचा हिशेब एका अवघड नमुन्यावर करू. अॅम्फिप्ल्युरा पेल्युसिडा हा डायटम लेन्स तपासायला दीडशे वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. त्याच्या रेघा साधारण २५० नॅनोमीटरवर असतात. समजा ऑब्जेक्टिव्ह १.२५ आणि कंडेन्सर कोरडा, म्हणजे त्याला तेल लावलेलं नाही. हवेतून येणाऱ्या प्रकाशाला एनए १ च्या पुढे जाता येत नाही, व्यवहारात ०.९ धरा. बेरीज २.१५. हिरव्यात मर्यादा ५५० ÷ २.१५ = २५६ नॅनोमीटर, थोडक्यात हुकतं. लाल ६५० ला ३०२, प्रश्नच नाही. निळ्या ४५० ला २०९, रेघा दिसायला हव्यात. तुमच्या सरांचं म्हणणं बरोबर आहे ते असं. तिसरा मार्गही आहे: रंग हिरवाच ठेवून कंडेन्सरच्या वरच्या भिंगावर आणि स्लाइडच्या खालच्या बाजूला तेल लावा. कंडेन्सर १.२५ चा असेल तर मर्यादा २२० वर येते. करायला कटकटीचं आहे, नंतर पुसायलाही, पण चालतं.

मात्र मायक्रोस्कोपसोबत डब्यात येणारी फिकट निळी काच म्हणजे हा फिल्टर नव्हे. ती हॅलोजन दिव्याचा पिवळेपणा घालवून उजेड पांढरा दिसावा म्हणून असते. तिच्यातून हिरवा, पिवळा, लाल सगळं जातं, त्यामुळे तिने मर्यादा जवळपास हलत नाही. खरा फायदा हवा असेल तर ४५० च्या आसपासचा अरुंद पट्टा सोडणारा फिल्टर किंवा निळा एलईडी हवा. तिथेही अडचण आहे. लेन्सच्या कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत येत नाहीत, याला गोलीय दोष म्हणतात, आणि कॉलेजात असतात त्या साध्या अॅक्रोमॅट लेन्सा त्यासाठी हिरव्या-पिवळ्या रंगात दुरुस्त केलेल्या असतात. गडद निळ्यात तो दोष डोकं वर काढतो आणि चित्र धूसर होतं. भर म्हणजे निळ्यात आपल्या डोळ्याची बारीक पाहण्याची शक्तीही कमी पडते. म्हणून अॅक्रोमॅटवर मी हिरवा फिल्टर लावायला सांगतो, आणि निळ्यातही दुरुस्त केलेली अॅपोक्रोमॅट लेन्स व मोनोक्रोम कॅमेरा असेल तर निळा. कोणता लावला तरी खात्री करायची ती डायटमवर. 'जास्त स्पष्ट वाटतं' हा पुरावा नाही, रेघा मोजता आल्या पाहिजेत.

मग अतिनील का नको? तेही झालंय. झाइसमध्येच आउगुस्ट क्योलर आणि मोरित्झ फोन रोर यांनी १९०४ च्या सुमारास २७५ नॅनोमीटरचा मायक्रोस्कोप बनवला. साधी काच हा प्रकाश गिळते म्हणून लेन्सा, स्लाइड, कव्हरस्लिप सगळं क्वार्ट्झचं. डोळ्याला दिसत नाही म्हणून फोटोच काढायचा. एवढा खटाटोप करून मर्यादा निम्मी झाली, ११० नॅनोमीटरच्या आसपास. त्याहून खाली गेलं की हवाही प्रकाश शोषायला लागते आणि लेन्स करायला पदार्थ सापडत नाही. क्ष-किरणांना तर सगळ्याच पदार्थांचा अपवर्तनांक जवळजवळ १ असतो, वळवणार कशाने?

इलेक्ट्रॉनकडे जाण्याआधी विषाणूचा प्रश्न संपवतो, कारण तिथे 'दिसणं' आणि 'वेगळं दिसणं' यांत गल्लत होते. वर सांगितलेली मर्यादा दोन गोष्टी वेगळ्या दिसण्याची आहे. एकटी वस्तू पुरेशी चमकत असेल किंवा गडद रंगलेली असेल तर कितीही लहान असली तरी दिसते, फक्त २०० ते २५० नॅनोमीटरचा डाग म्हणून दिसते. पेशीतल्या २५ नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका फ्लुओरेसन्समध्ये छान रेघांसारख्या दिसतात, पण त्या दिसतात दहापट जाड. दोन नलिका शेजारी असतील तर एकच दिसेल. एन्रिके पाशेन यांनी १९०६ मध्ये देवीच्या विषाणूचे कण रंगवून साध्या मायक्रोस्कोपखाली पाहिले होते, कारण ते विषाणूंमध्ये धिप्पाड, दोनशे-तीनशे नॅनोमीटरचे. ठिपके दिसले, रचना नाही. करोनाचा कण मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे आणि न रंगवता उजेडही जेमतेम अडवतो. तो तुमच्या मायक्रोस्कोपला ठिपका म्हणूनही मिळणार नाही. (फ्लुओरेसन्सचे रेणू आळीपाळीने चालू-बंद करून ही मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धतींना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा हिशेब वेगळा आहे, इथे शिरत नाही.)

आता इलेक्ट्रॉन. द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये मांडलं की कणालाही तरंगलांबी असते, h भागिले संवेग. हान्स बुश यांनी १९२६ मध्ये दाखवलं की तारेच्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या झोताला भिंगासारखं एकत्र आणतं. या दोन्हींच्या जिवावर बर्लिनमध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला, आणि १९३३ पर्यंत रुस्कांनी प्रकाशाला मागे टाकलं. त्यांना नोबेल मिळालं ते १९८६ मध्ये.

विद्यापीठांत सर्रास असतो तो २०० किलोव्होल्टचा टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार सोडणारा मायक्रोस्कोप घ्या. त्यात इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००२५ नॅनोमीटर असते. हिरव्या प्रकाशाशी तुलना केली तर सव्वादोन लाख पटींनी लहान. मग बारकावाही तितक्या पटींनी वाढायला हवा. प्रत्यक्षात साध्या, दुरुस्ती नसलेल्या टीईएमची मर्यादा ०.२ नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे फायदा साधारण हजारपट. उरलेले दोनशे पट गेले कुठे?

सूत्राच्या खालच्या अर्ध्यात. प्रकाशाच्या लेन्सचा एनए १.२५, इलेक्ट्रॉनच्या लेन्सचा ०.०१. कोन म्हणाल तर अर्ध्या अंशाहून जरा जास्त. इतकी अरुंद लेन्स कुणी हौसेने ठेवत नाही, ती गोलीय दोषामुळे ठेवावी लागते. लेन्सच्या कडेजवळून जाणारे किरण मधल्या किरणांपेक्षा जास्त वळतात आणि बिंदूच्या जागी चकती उमटते. चकतीचा आकार कोनाच्या घनाने वाढतो. चांगल्या चुंबकीय लेन्ससाठी दोषाचा गुणांक एक मिलिमीटर धरला, तर ०.०१ कोनाला चकती साधारण पाव नॅनोमीटरची होते. विवर्तनाची मर्यादा तिथे ०.१२ ते ०.१५ नॅनोमीटर आहे, म्हणजे दोघं बरोबरीत आलेत. आता हाव धरून कोन दहापट उघडा, ०.१. विवर्तन दहापट सुधारलं, पण चकती हजारपट वाढली: २५० नॅनोमीटर. सव्वादोन लाख पट लहान तरंगलांबी हाताशी असून तुम्ही परत कॉलेजच्या मायक्रोस्कोपवर आलात.

काचेच्या लेन्समध्ये हा दोष बहिर्वक्र भिंगाला अंतर्वक्र भिंग जोडून मारता येतो. चुंबकीय लेन्सला ती सोय नाही. ओट्टो शेर्झर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं की गोल, स्थिर क्षेत्राच्या आणि मध्ये विद्युतभार नसलेल्या कुठल्याही इलेक्ट्रॉन लेन्समध्ये गोलीय दोष शून्य करता येत नाही. वाट काढायला साठ वर्षं गेली. माक्सिमिलियान हायडर, हाराल्ड रोझे आणि क्नुट उर्बान यांनी गोलपणाची अटच मोडली: सहा ध्रुवांची चुंबकं जोडीने बसवून उलट दोष निर्माण केला आणि १९९८ मध्ये दुरुस्त टीईएम चालवून दाखवला. आज असे मायक्रोस्कोप ०.०५ नॅनोमीटरपर्यंत जातात, आणि स्फटिकातले अणूंचे स्तंभ एकेक करून मोजता येतात. तरीही हे तरंगलांबीच्या वीसपट आहे. इथे तरंगलांबी कधीच आडवी येत नाही, आडवी येते ती लेन्स.

एसईएमबद्दलही याच ओघात सांगतो, कारण फोटो बहुतेकांनी त्याचेच पाहिलेले असतात. मुंगीचं डोकं, परागकण वगैरे. तिथे आबेंचं सूत्र थेट लावू नका. एसईएम बारीक झोत नमुन्यावर फिरवतो आणि बाहेर येणारे इलेक्ट्रॉन मोजतो. बारकावा ठरतो तो झोताच्या टोकाच्या आकारावर आणि इलेक्ट्रॉन नमुन्यात शिरून किती पसरतात यावर. साध्या टंगस्टन फिलामेंटच्या यंत्रात तीन-चार नॅनोमीटर मिळाले तर चांगलं. त्यात व्होल्टेज वाढवलं की तरंगलांबी कमी होते, पण इलेक्ट्रॉन खोल शिरून जास्त पसरतात आणि पृष्ठभागाचे बारकावे पुसले जातात. त्यामुळे मऊ, हलक्या नमुन्यांना आम्ही उलट व्होल्टेज कमी करतो. 'तरंगलांबी लहान तितकं चांगलं' हा नियम इथे चक्क उलटा पडतो.

आणि नमुना काय म्हणतो तेही महत्त्वाचं. टीईएममध्ये नमुना निर्वातात असतो, साधारण १०० नॅनोमीटरपेक्षा पातळ असावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनचा मारा सहन करावा लागतो. सिलिकॉन सहन करतो, प्रथिनं करत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये, केरळात सापडलेल्या भारतातल्या पहिल्या करोनाबाधिताच्या घशातल्या नमुन्यातून विषाणूचे टीईएम फोटो प्रसिद्ध केले. कण साधारण ७०-८० नॅनोमीटरचे होते आणि भोवतीचा काट्यांचा कडा ओळखू येत होता. ते निगेटिव्ह स्टेनिंग होतं: विषाणूभोवती जड धातूच्या क्षाराचा थर वाळवायचा आणि त्या गडद थरात उरलेली फिकट आकृती पाहायची. यात मर्यादा ठरवतो तो क्षाराचा रवाळपणा, दोनेक नॅनोमीटर. यंत्र ०.२ चं असलं तरी फोटोतला बारकावा दोनचा. विकत घेताना लोक यंत्राचा आकडा विचारतात, मी आधी नमुना कोणता ते विचारतो.

राहिलं अणूच्या आतलं. अणूचा व्यास ०.१ ते ०.३ नॅनोमीटर, त्यामुळे दुरुस्त यंत्रात तो ठिपका म्हणून मिळतो. शिवाय तो स्थिर नसतो, साध्या तापमानाला नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाइतका थरथरत असतो, तेवढी कड धूसर येतेच. आतला केंद्रक मात्र वेगळ्याच मापाचा आहे. सोन्याचा केंद्रक साधारण १४ फेम्टोमीटर व्यासाचा असतो, आणि २०० किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी २५०० फेम्टोमीटर. इथे मात्र लेन्सवर दोष टाकता येत नाही. लेन्स परिपूर्ण असती तरी λ/d चा तोच कोनाचा हिशेब आडवा आला असता. केंद्रकाचा आकार कळायला इलेक्ट्रॉनची ऊर्जा हजारपट हवी. २०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला तरंगलांबी सहा फेम्टोमीटरच्या आसपास येते, आणि रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९५० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये अशाच ऊर्जेचे इलेक्ट्रॉन केंद्रकांवर सोडले. तिथे लेन्स नव्हती, चित्रही नव्हतं. कोणत्या कोनाला किती इलेक्ट्रॉन विखुरतात एवढंच त्यांनी मोजलं, आणि त्या कोनांवरून केंद्रकाची त्रिज्या काढली. १९६१ चं नोबेल त्याबद्दल मिळालं.